‘काम समाधानकारक होतं’ : कोमट शिफारसपत्र आणि जुने मॅनेजर

पीएचडीचे अर्ज भरायचा सीझन जवळ आला की ज्युनिअर्सचे फोन सुरू होतात. एसओपी कसा लिहू, जीआरई द्यावी का, असे प्रश्न असतातच. पण गेल्या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न वेगळाच आहे, आणि तो बहुधा आवाज खाली आणून विचारला जातो : "ताई, मी दीड वर्ष कंपनीत होते. तिथल्या सरांकडून लेटर घेऊ का? ते वाईट लिहिणार नाहीत, पण फार चांगलं लिहितील असंही वाटत नाही."

ही अडचण मलाही आली होती. एमएस्सीनंतर मी वीस महिने एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये होते, मग वर्षभर एका संशोधन संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट, आणि मग पीएचडी. म्हणून आजची पोस्ट रेफरी कसे निवडायचे, त्यांना माहिती कशी द्यायची आणि जुन्या मॅनेजरचं काय करायचं, एवढ्यावरच.

कोमट पत्र म्हणजे नक्की काय?

आपल्याला भीती असते ती वाईट पत्राची. प्रत्यक्षात उघडपणे वाईट पत्र फार कमी लोक लिहितात. ज्यांना वाईट लिहायचं असतं ते बहुतेक वेळा पत्र लिहायचंच टाळतात. खरा धोका कोमट पत्राचा असतो, कारण ते वरवर छान दिसतं. उदाहरणार्थ : "कु. अमुक यांनी आमच्या विभागात वीस महिने काम केले. त्या मेहनती, वक्तशीर व मनमिळाऊ आहेत. नेमून दिलेले काम त्यांनी वेळेत पूर्ण केले. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा."

आपल्याकडच्या अनुभव प्रमाणपत्रात असंच लिहितात, आणि तिथे ते योग्यही असतं. पण प्रवेश समितीतला प्राध्यापक हे वाचतो तेव्हा त्याला शोधायची असते वेगळीच गोष्ट. ही मुलगी अडकली की काय करते? आकडा चुकीचा वाटला तर थांबते की पुढे जाते? न सांगता काही शोधून काढलंय का? या पत्रात त्यातलं काहीच नाही. मग तो असा निष्कर्ष काढतो की लिहिणाऱ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

शिवाय बऱ्याच अमेरिकी विद्यापीठांच्या पोर्टलवर पत्रासोबत एक तक्ताही भरावा लागतो. तुम्ही आजवर पाहिलेल्या विद्यार्थ्यांमध्ये हा अर्जदार कुठे बसतो : वरच्या 5 टक्क्यांत, 10 टक्क्यांत, 25 टक्क्यांत की त्याखाली? विषयाचं ज्ञान, लेखन, स्वतंत्रपणे काम करणं, असे वेगवेगळे रकाने असतात. ज्या मॅनेजरने असा तक्ता आधी पाहिलेला नाही, तो भल्या मनाने सगळीकडे ‘चांगला’वर टिक करतो. इतर अर्जदारांना वरचे रकाने मिळालेले असतील तर हा ‘चांगला’ तुम्हाला खाली ओढतो. त्या बिचाऱ्याला कळतही नाही की आपण काय केलं.

म्हणजे कोमट पत्र तीन वेगळ्या कारणांनी येतं. एक, लिहिणाऱ्याला आपलं काम आठवत नाही. दोन, अशा पत्रात काय लिहायचं असतं ते त्याला माहीत नाही. तीन, त्याचं आपल्याबद्दलचं मत खरोखरच कोमट आहे. पहिल्या दोन कारणांवर इलाज आहे. तिसऱ्यावर माहिती पाठवून उपयोग नसतो, तिथे निर्णय घ्यावा लागतो. आपल्या बाबतीत यातलं कोणतं कारण आहे, हे आधी शोधायचं असतं.

आधी तिघे कोण, ते ठरवा

बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात, काही ठिकाणी दोन. निवडताना मी एकच कसोटी लावते : या माणसाने माझं काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय का, आणि त्यातला एक प्रसंग तो माझ्या मदतीशिवाय सांगू शकेल का?

या कसोटीवर एचओडी आणि प्राचार्य बऱ्याचदा नापास होतात. आपल्याकडे समज असा की पद जितकं मोठं तितकं पत्र वजनदार. पण एचओडी सरांनी तुम्हाला एक पेपर शिकवला आणि तुम्हाला त्यात 78 मार्क पडले, एवढंच त्यांना माहीत असेल तर ते दुसरं काय लिहिणार? मार्कशीट तर समितीकडे आहेच. त्यापेक्षा ज्या तरुण मॅडमनी सहा महिने तुमचं डिसर्टेशन पाहिलं, तुमचे फसलेले प्रयोग पाहिले, त्यांचं पत्र जास्त कामाचं.

दुसरं म्हणजे, तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगायला हव्यात. माझं वाटप असं होतं : डिसर्टेशनच्या मॅडम माझ्या विषयाच्या समजेबद्दल, प्रोजेक्टचे पीआय सर संशोधनातल्या कामाबद्दल, आणि तिसरं पत्र कंपनीतल्या शिस्तीबद्दल आणि अडचण सोडवण्याबद्दल. तिसरी जागा रिकामी होती ती इथेच.

इथे एक फरक लक्षात घ्या. तुमचा ‘जुना मॅनेजर’ संशोधन संस्थेतला पीआय असेल, तर त्याचं पत्र नसणं लगेच नजरेत भरतं, कारण समितीला नेमकं त्याच कामाबद्दल ऐकायचं असतं. कंपनीतल्या मॅनेजरचं पत्र नसेल तर तितकं बिघडत नाही. कंपन्या पत्रं देत नाहीत, एचआर फक्त तारखा आणि हुद्दा कळवतं, हे समितीतल्या लोकांना माहीत असतं. त्यामुळे कंपनीतल्या साहेबांचं पत्र हवंच, अशी सक्ती स्वतःवर करून घेऊ नका.

कोमट की गरम, कसं ओळखायचं

सरळ विचारून. पण प्रश्न नीट विचारला पाहिजे. "सर, लेटर द्याल का?" याला आपल्याकडे कोणीही नाही म्हणत नाही, ती आपली पद्धतच नाही. म्हणून प्रश्न असा करायचा की नकार देणाऱ्याला संकोच वाटू नये.

मी फोनवर साधारण असं विचारलं होतं : "सर, मी पीएचडीसाठी अर्ज करतेय. तिथे कामातल्या एखाद्या प्रसंगासकट सविस्तर पत्र लागतं. माझ्याबद्दल तुम्हाला तसं लिहिता येईल असं वाटतं का? नसेल तर मोकळेपणाने सांगा. माझ्याकडे वेळ आहे, मी दुसरी सोय करू शकते."

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. त्याने समोरच्याला सुटका मिळते आणि तुम्हाला खरं उत्तर मिळतं. आणि हो, हे फोनवर किंवा भेटूनच विचारा. मेसेजवर "शुअर" असं उत्तर येतं, आणि त्यातून काही कळत नाही. खरं उत्तर शब्दांआधीच्या त्या दोन सेकंदांत असतं.

माझ्या सरांनी ते दोन सेकंद घेतले. मग म्हणाले, "देईन ना. कंपनीत होतीस, काम केलंस, तेवढं लिहून देतो. पण अगं, तू ऑडिटच्या तोंडावर गेलीस, ते काही मी विसरलेलो नाही."

ते खरं होतं. माझा नोटीस पिरियड साठ दिवसांचा होता. संस्थेत रुजू व्हायची तारीख पक्की होती म्हणून मी तीस दिवसांचा पगार कापून घेऊन निघाले, आणि पुढच्याच महिन्यात ऑडिट होतं. माझं काम इतर दोघींच्या अंगावर पडलं. शेवटच्या अप्रेजलमध्येही सरांनी मला ‘अपेक्षेप्रमाणे’ एवढाच शेरा दिला होता. अप्रेजलचा शेरा हा तुमच्याकडे असलेला लेखी पुरावाच आहे, तो काढून वाचा. ज्याने कंपनीच्या कागदावर तुम्हाला मधल्या रकान्यात ठेवलं, तो विद्यापीठाच्या कागदावर एकदम वरच्या रकान्यात ठेवेल ही आशा बाळगू नका.

मी म्हटलं, "बरोबर आहे सर. तेव्हा तुमची अडचण झाली." त्यापुढे सफाई दिली नाही. मग विचारलं, "पण सर, ते रिटेन्शन टाइमचं प्रकरण तुम्हाला आठवतंय का?"

"कुठलं?"

त्या एका शब्दाने मला बरंच कळलं. माझं कंपनीतलं सगळ्यात चांगलं काम त्यांना आठवतच नव्हतं. म्हणजे मत कोमट होतं हे खरं, पण त्यातला काही भाग रागाचा होता आणि काही भाग निव्वळ विसराळूपणाचा.

ते प्रकरण काय होतं

हे थोडक्यात सांगते, कारण पुढे रेफरीला माहिती कशी द्यायची ते यावरूनच दाखवायचंय.

आमच्याकडे एका औषधाची एचपीएलसीवर तपासणी व्हायची. औषध ठरलेल्या वेळेला यंत्रातून बाहेर पडलं पाहिजे, त्याला रिटेन्शन टाइम म्हणतात. आमच्याकडे तो कधी सात मिनिटांच्या आत, तर कधी आठच्या जवळ यायचा. कॉलम बदलून झाला, पंप तपासून झाला. मी तीन महिन्यांची लॉगबुकं घेऊन बसले तेव्हा दिसलं की फरक शिफ्टप्रमाणे पडतोय. सकाळच्या शिफ्टमध्ये बफरचा पीएच आधी 3.0 ला लावून मग त्यात मिथेनॉल मिसळायचे. रात्रीच्या शिफ्टमध्ये आधी मिथेनॉल मिसळून मग पीएच लावायचे. मिथेनॉल मिसळल्यावर मीटरवर येणारं रीडिंग बदलतं, म्हणून रात्री जास्त आम्ल पडत होतं. हे औषध नेमकं त्या पीएचच्या आसपासच आपला विद्युत भार बदलणारं, त्यामुळे एवढ्या फरकानेही त्याची वेळ हलायची. मेथडमध्ये फक्त ‘पीएच 3.0’ असं लिहिलं होतं. कधी लावायचा ते लिहिलंच नव्हतं. मी ते एक वाक्य मेथडमध्ये घालून घेतलं आणि त्रास थांबला.

सरांपर्यंत काय पोहोचलं? त्रास थांबला, एवढंच. कोणी थांबवला ते नाही. मॅनेजरच्या हाताखाली पंचवीस जण असतात. पण आमच्या शिफ्ट इनचार्ज मॅडम त्या लॉगबुकांच्या ढिगाशेजारी माझ्यासोबत बसल्या होत्या.

मग मी काय ठरवलं

मुख्य तिसरं पत्र मी शिफ्ट इनचार्ज मॅडमकडून घेतलं. त्या हुद्द्याने सरांच्या खाली, पीएचडी नाही, नावापुढे मोठी पदवी नाही. मला वाटायचं की वजन कमी पडेल. पण माझी कसोटी त्यांना पूर्ण लागू होती : त्यांनी पाहिलं होतं आणि त्या सांगू शकत होत्या. कंपनीच्या लेटरहेडवर लिहायला परवानगी नाही, असं एचआरने त्यांना सांगितलं. वैयक्तिक नात्याने लिहायला हरकत नव्हती. त्यांनी पत्रात पहिल्याच परिच्छेदात तसं नमूद करायचं ठरवलं. तुमच्या रेफरीलाही हे आधी एचआरला विचारून घ्यायला सांगा. नाहीतर डेडलाईनच्या दोन दिवस आधी "कंपनीत चालत नाही गं" असा मेसेज येतो.

एका अर्जात मात्र ‘शेवटच्या नोकरीतील थेट वरिष्ठ’ असा स्पष्ट उल्लेख होता आणि माझ्या नेमणुकीच्या कागदावर थेट वरिष्ठ म्हणून सरांचं नाव होतं. तिथे पळवाट काढली नाही. खोटा ‘वरिष्ठ’ दाखवणं हे कोमट पत्रापेक्षा कितीतरी महाग पडू शकतं. सरांनाच विनंती केली, पण विनंती छोटी केली. "माझ्याबद्दल एकूण मत लिहा" असं म्हटलं तर त्यांना ऑडिट आठवणार. म्हणून म्हटलं, "सर, तुम्ही फक्त रिटेन्शन टाइमच्या कामाबद्दल आणि त्यानंतर मेथडमध्ये झालेल्या बदलाबद्दल लिहिलंत तरी मला पुरेसं आहे. तारखा आणि चेंज कंट्रोलची नोंद कंपनीतच आहे, तुम्ही पडताळून घ्या." ज्याचं एकूण मत मधलं आहे, तोसुद्धा एका खऱ्या घटनेबद्दल प्रामाणिकपणे चांगलं लिहू शकतो, आणि त्यात त्याला स्वतःच्या मताशी तडजोड करावी लागत नाही. त्यांनी नोटीस पिरियडचा उल्लेख केला असता तरी माझी हरकत नव्हती. तो मी एसओपीत एका ओळीत स्वतःच केला होता.

हे शेवटचं थोडं विस्ताराने सांगते. पत्रात एखादी गोष्ट विरोधात येऊ शकते असं वाटत असेल, तर ती तुमच्याकडून आधी यावी, पण एकाच वाक्यात आणि तक्रार न करता. ‘संशोधन संस्थेतील रुजू होण्याच्या तारखेमुळे मी अर्धा नोटीस पिरियड पूर्ण करून कंपनी सोडली.’ बस. त्यापुढे साहेब कसे होते, वातावरण कसं होतं, यातलं काहीही नको. जो अर्जदार जुन्या वरिष्ठाबद्दल कडवट लिहितो, त्याच्याबद्दल वाचणारा गाईड एकच विचार करतो : चार वर्षांनी हा माझ्याबद्दल असंच लिहील.

मुलाखतीत मला एका ठिकाणी विचारलंच : "कंपनीचं पत्र मॅनेजरऐवजी शिफ्ट इनचार्जचं का?" मी म्हटलं, "रोजचं काम त्या पाहायच्या. मॅनेजर सरांना माहीत आहे की मी अर्ज केलाय, हवं असल्यास त्यांच्याशी बोलू शकता." पुढचा प्रश्न बफरबद्दल आला. हे उत्तर मला निर्धास्तपणे देता आलं, कारण सरांना मी खरंच कळवलं होतं. म्हणून ज्यांचं पत्र घेणार नाही त्यांनाही अर्जाबद्दल सांगून ठेवा. युरोपातल्या बऱ्याच जागांसाठी तर पत्र आधी मागतच नाहीत. रेफरीचं नाव आणि ईमेल मागतात, शॉर्टलिस्ट झाल्यावर गाईड स्वतः संपर्क करतो. तेव्हा फोन गेल्यावर "कोण? हां, होती एक" असं उत्तर नको.

रेफरीला काय पाठवायचं

सीव्ही आणि एसओपी जोडून "सर, प्लीज लेटर द्या" असा मेल सगळेच करतात. त्यातून रेफरीला तुमचं आयुष्य कळतं, पण तुमच्याबद्दल त्याने काय लिहावं ते कळत नाही. त्याच्यासाठी वेगळं एक पान करा. प्रत्येक रेफरीसाठी वेगळं. मॅडमना मी पाठवलेल्या पानाचा मुख्य भाग मराठीत असा होईल :

> मॅडम, कुठे अर्ज करतेय : चार विद्यापीठं, विषय विश्लेषणात्मक रसायनशास्त्र. पहिली डेडलाईन 1 डिसेंबर, शेवटची 15 डिसेंबर. पोर्टलची लिंक तुमच्या ईमेलवर थेट येईल.
>
> बाकी दोन पत्रं डिसर्टेशनच्या मॅडम आणि पीआय सर देत आहेत. ते विषयज्ञान आणि संशोधनाबद्दल लिहितील. तुम्ही रोजच्या लॅबच्या कामाबद्दल लिहिलंत तर सगळ्यात उपयोगी.
>
> आठवणीसाठी : रिटेन्शन टाइमचा त्रास. तीन महिन्यांची लॉगबुकं आपण दोघींनी पाहिली. शिफ्टप्रमाणे वेगळे करायची कल्पना माझी होती. मिथेनॉलचा मुद्दा तुम्ही आधी बोलून दाखवलात, मी दोन्ही पद्धतींनी बफर करून तो तपासला. मेथडमधला बदल नंतर मंजूर झाला.
>
> माझं काय कमी पडलं : सुरुवातीचे काही महिने माझी नोंदवही अपुरी असायची, तुम्ही दोनदा परत केली होती. नंतर सुधारली की नाही, ते तुम्हीच सांगू शकाल.
>
> यातलं जे तुम्हाला आठवतं आणि पटतं तेवढंच लिहा.

या पानात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. पहिली, श्रेयाची वाटणी. कल्पना कोणाची, तपासणी कोणी केली, ते खरं खरं लिहिलंय. सगळं ‘मी केलं’ असं लिहिलं असतं तर मॅडमना ते खटकलं असतं, आणि खटकलेला माणूस हात आखडून लिहितो. दुसरी, कमतरता. ती वाचून रेफरीला तुमच्यात झालेला बदल आठवतो, आणि ‘आधी असं होतं, मग असं झालं’ हे वाक्य दहा विशेषणांपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतं. विशेषणं तुम्ही देऊच नका. ‘मेहनती’ हा शब्द रेफरीला स्वतःला सुचू दे.

मॅनेजर किंवा शिक्षक आधी अशी पत्रं लिहिणारे नसतील तर त्या टक्केवारीच्या तक्त्याबद्दलही सांगा. "अमुक रकान्यात टिक करा" असं नाही, ते चुकीचं. एवढंच सांगायचं की असा तक्ता येईल, त्यात तुलना विचारतात, आणि प्रत्येक रकान्यासाठी पत्रात एखादं कारण असेल तर बरं.

"तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो"

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. ते म्हणणारे सगळेच बेफिकीर नसतात. काहींना इंग्रजीत लिहायचा कंटाळा, काहींना खरंच वेळ नसतो. पण पत्र स्वतः लिहू नका. बरीच विद्यापीठं स्पष्ट सांगतात की पत्र रेफरीनेच लिहिलेलं हवं. दुसरं, तीनपैकी दोन पत्रं तुम्ही लिहिलीत तर दोन्हींत तुमचेच शब्द, तुमचीच वाक्यं येणार, आणि एसओपी शेजारीच उघडा असतो. आणि तिसरं, आपण स्वतःबद्दल लिहिताना संकोचतो. त्यातून पुन्हा कोमट पत्रच तयार होतं, तेही आपल्याच हातचं.

यावर मी काढलेला मार्ग असा : "सर, ड्राफ्ट माझा नको, तिथे चालत नाही. पण मी मुद्दे देते आणि पंधरा मिनिटं बसते. तुम्ही मराठीत बोला, मी तुमचे मुद्दे लिहून देते, मग तुम्ही तुमच्या शब्दांत पत्र करा." माझ्या डिसर्टेशनच्या मॅडमसोबत मी हेच केलं. बोलता बोलता त्यांना माझा एक प्रयोग आठवला जो मी स्वतः विसरले होते. तरीही ज्याला तेवढाही वेळ द्यायचा नाही, तो आपलं उत्तर देऊन मोकळा झालाय असं समजा आणि दुसरं नाव शोधा.

शेवटच्या महिन्यातल्या गोष्टी

रेफरीला पहिल्या डेडलाईनच्या किमान सहा आठवडे आधी विचारा. दोन आठवडे आधी एक आठवण, तीन दिवस आधी दुसरी. पोर्टलची लिंक शक्यतो त्यांच्या अधिकृत ईमेलवर जाऊ द्या, जीमेलवरच्या पत्राची काही ठिकाणी वेगळी शहानिशा होते. लिंक गेल्यावर लगेच फोन करून स्पॅममध्ये पाहायला सांगा. कंपन्यांचे फिल्टर विद्यापीठांचे मेल अडवतात. माझ्या मॅडमची पहिली लिंक आठवडाभर तिथेच पडून होती.

अमेरिकी अर्जात एक प्रश्न येतो : पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? तिथल्या 1974 च्या फेर्पा कायद्यानुसार प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं पाहता येतात, त्यात ही पत्रंही येऊ शकतात, म्हणून हा प्रश्न. बहुतेक अर्जदार हक्क सोडतात आणि तुम्हीही सोडावा. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की रेफरीने तुमच्या भीतीने गोड लिहिलंय.

त्यामुळे सरांनी शेवटी काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही, आणि मी विचारलेलंही नाही. पत्र गेल्यावर दोन कामं उरतात. आभाराचा मेल करायचा, आणि निकाल लागल्यावर, तो कसाही असो, कळवायचं. मी सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. आणि ते मेथडमधलं वाक्य अजून तसंच आहे बरं का, परवाच्या ऑडिटमध्ये दाखवलं."

तुमचा मॅनेजर कोमट वाटत असेल तर आज एकच काम करा. त्याला फोन लावायच्या आधी तुमचा शेवटचा अप्रेजल काढा आणि तुमच्या सगळ्यात चांगल्या कामाच्या वेळी शेजारी कोण बसलं होतं, ते नाव एका कागदावर लिहा. अनेकदा तुमचा तिसरा रेफरी तोच असतो.